पोर्टफोलिओ म्हणजे चुलीवरचं दूध नव्हे : या चुका टाळा

मी नाशिकला लोकांची आयकर रिटर्न भरतो. जुलै आला की कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या छोट्या ऑफिसात कॅपिटल गेन स्टेटमेंटांचा ढीग लागतो. म्युच्युअल फंडाचं हे स्टेटमेंट फार चहाडखोर असतं. कोणी, कधी, किती युनिट विकले, सगळं तारखेसकट त्यात असतं. इतक्या वर्षांनी मला आता नफ्याचा रकाना बघावाही लागत नाही. विक्रीच्या तारखा बघितल्या की कळतं, हा माणूस रोज ॲप उघडतो.

ज्यांची विक्री बाजार आपटला त्याच दिवशीची, ते सगळे रोज बघणारे. अपवाद फार थोडे.

चूक पहिली : रोज बघणं म्हणजे लक्ष ठेवणं, असं समजणं

मागच्या वर्षीची गोष्ट. सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये असलेले एक गृहस्थ आले. २०२१ च्या जानेवारीपासून निफ्टी इंडेक्स फंडात महिन्याला १२ हजारांची एसआयपी, एकही हप्ता चुकलेला नाही. शिस्तीचा माणूस. स्टेटमेंट उघडलं, तर ४ जून २०२४ ला सगळे युनिट विकलेले.

"साहेब, हे काय केलंत?"

"अहो सर, त्या दिवशी निकाल होता ना. कँटीनमध्ये टीव्ही लावला होता. तुम्ही बघायला हवं होतं, सगळं लालेलाल!"

४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. एक्झिट पोलच्या आनंदात ३ जूनला निफ्टी २३,२६४ वर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो २१,३०० च्याही खाली जाऊन आला आणि शेवटी २१,८८४ वर थांबला. एका दिवसात जवळजवळ सहा टक्के गेले. गृहस्थांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत विक्रीचं बटण दाबलं.

गंमत अशी की बटण दाबताना त्यांच्या ॲपात सुमारे ६ लाख ६० हजार दिसत होते, कारण फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच, रात्री येते. दुपारी दिसतो तो आदल्या दिवसाचा आकडा. म्हणजे ते घाबरले टीव्हीवरच्या आकड्याला, बघत होते कालचा आकडा, आणि विकलं तिसऱ्याच भावाने. तीनच्या आत ऑर्डर गेली म्हणून त्या दिवशीची, बाजार बंद झाल्यानंतरची एनएव्ही लागली. हातात आले ६ लाख २० हजारांच्या आसपास.

तीन दिवसांनी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर होता. ३ जूनपेक्षाही वर. काही केलं नसतं तर ६ लाख ६० हजार जागेवर होते.

पुढचं आणखी वाईट. पैसे खात्यात आल्यावरही त्यांचं बघणं सुटलं नाही. आता बाजार रोज वर जाताना दिसायचा आणि रोज पोटात दुखायचं. जूनच्या अखेरीस, निफ्टी २४ हजारांवर असताना, सगळे पैसे परत त्याच फंडात टाकले. जितके युनिट विकले होते त्यांतले शंभरातले एक्क्याण्णवच परत मिळाले. वर करापोटी तीनेक हजार गेले, आणि एक वर्ष पूर्ण झालेले जुने युनिट गेल्याने अल्पमुदतीच्या कराचं घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं.

माणूस मूर्ख नव्हता. बघण्याची वेळच अशी निवडली की शहाण्यालाही वेड लागावं.

याचा हिशेब सोपा आहे, आणि तो मी समोरच्याला कागदावरच करून दाखवतो. समजा तुमचा इक्विटी फंड दीर्घकाळात सरासरी वर्षाला १२ टक्के देतो आणि त्याची वर्षाची हेलकावे खाण्याची सवय १८ टक्क्यांची आहे. हे गृहीतक आहे, हमी नव्हे. या आकड्यांवर एखादा दिवस हिरवा निघण्याची शक्यता येते जेमतेम ५२ टक्के. म्हणजे नाणेफेकच. बाजार वर्षात साधारण २५० दिवस चालतो. रोज बघणाऱ्याला १३० दिवस हिरवे आणि १२० दिवस लाल दिसणार. महिन्याने बघितलं तर हिरव्याची शक्यता ५८, सहा महिन्यांनी ६८, वर्षाने ७५ टक्के. फंड तोच, पैसा तोच.

आता दुसरी बाजू. काह्नमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तोटा नफ्यापेक्षा जास्त बोचतो. त्यांच्या पुढच्या कामात हे प्रमाण ढोबळमानाने दुपटीचं निघालं. हजार रुपये सापडल्याचा आनंद आणि हजार हरवल्याची हळहळ आठवा, पटेल. मग रोज बघणाऱ्याचा वर्षाचा हिशेब काय झाला? १३० वेळा आनंद आणि २४० वेळांएवढी टोचणी. फंडाने वर्षात १२ टक्के दिले तरी हा माणूस वर्षभर दुःखीच.

बेनार्ट्झी आणि थेलर यांनी १९९५ मध्ये हाच धागा पकडून दाखवलं की वारंवार हिशेब मांडणाऱ्याला शेअर सोसवत नाहीत. लोक साधारण वर्षाने हिशेब मांडत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला.

माझ्या कागदावर काटा सहामाहीला बरोबरीत येतो. ६८ हिरवे, आणि ३२ लालची दुप्पट ६४. म्हणून दर तीन महिन्यांनी बघा, असं कुणी सांगितलं तर ते मला पटत नाही. तिमाहीला हिरवे ६३ आणि लाल ३७, म्हणजे टोचणीच जड. आनंद-टोचणीची ही मोजदाद ढोबळ आहे हे मान्य, लाल किती खोल होता ते ती बघत नाही. पण दिशा चुकत नाही.

निफाडचे एक द्राक्ष-कांदावाले मला म्हणाले, "आम्ही नाही का रोज लासलगावचा भाव बघत?" बघा ना, बघायलाच हवा. चाळीतला कांदा सडतो, घटतो, त्याला कोंब येतात. आज विकू की आठ दिवसांनी, हा प्रश्न खरंच रोज उभा असतो. फंडाचे युनिट चाळीत सडत नाहीत. जिथे निर्णय वर्षातून एक-दोनदाच घ्यायचा, तिथे भाव रोज विचारून उपयोग काय?

किरकोळ चुका, पण रोजच्या

शनिवार-रविवारी ॲप उघडणं. आकडा शुक्रवारचाच असतो, तरी लोक उघडतात.

चार महिन्यांच्या गुंतवणुकीचा एक्सआयआरआर, म्हणजे ॲप दाखवतं तो वार्षिक परताव्याचा दर, बघून हुरळणं किंवा खचणं. तो थोड्या दिवसांची चाल वर्षभरावर ताणून दाखवतो. वर्ष होईपर्यंत त्याच्याकडे बघूच नका.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच्या पोर्टफोलिओचा स्क्रीनशॉट टाकणं. याबद्दल मी काही बोलत नाही.

चूक दुसरी : आढाव्याचा दिवस म्हणजे काहीतरी करायचा दिवस

ही चूक नव्याने शहाण्या झालेल्यांची. रोज बघणं सोडतात, तारीख ठरवतात, आणि सहा महिन्यांचा साठलेला उत्साह त्या एका दिवशी काढतात. दोन फंड बदलतात, एक नवीन घेतात. विचारलं तर म्हणतात, "आढावा घेतला ना!" अहो, वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस मीटर बदलून जातो का?

माझी पद्धत सांगतो. शास्त्र म्हणू नका, सवय आहे. वर्षातून दोनदा बसतो : गुढीपाडव्यानंतरचा पहिला शनिवार आणि दिवाळी पाडव्यानंतरचा पहिला शनिवार. शनिवार मुद्दाम, कारण त्या दिवशी एनएव्ही निघत नाही. सुरसुरी आली तरी ऑर्डर सोमवारीच लागणार. दोनशे पानी वही आहे, तिच्यात तारीख टाकून तीनच गोष्टी लिहितो. एकूण रक्कम किती, त्यात इक्विटी किती टक्के, आणि येत्या तीन वर्षांत लागणारे पैसे इक्विटीबाहेर आहेत का. चहा गार व्हायच्या आत काम होतं.

हात लावायचा नियम एकच. इक्विटीचा वाटा ठरवलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकला तरच. समजा दहा लाखांत ६० टक्के इक्विटी ठरली आहे, म्हणजे ६ लाख. इक्विटी २० टक्के पडली, तर तिचे ४ लाख ८० हजार झाले आणि एकूण ८ लाख ८० हजार. वाटा ५४.५ टक्के, म्हणजे साडेपाचाने सरकला. आता ४८ हजार डेटकडून इक्विटीकडे न्यायचे. म्हणजे पडत्या बाजारात विकायच्या जागी घ्यायचं, तेही धैर्य वगैरे न लागता, भागाकार करून. हेही त्या शनिवारी नुसतं लिहितो. करतो पुढच्या बुधवारी, तोपर्यंत स्वतःची खात्री टिकली तर.

हप्ता कापला गेला का, हे बघायला ॲप उघडायची गरज नाही, बँकेचा एसएमएस येतो. तो मात्र वाचा, कारण मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती बंद पडते.

या वेळापत्रकाने तोटा टळतो असं मी कुणाला सांगत नाही. माझ्या वहीत १३ एप्रिल २०२४ ला निफ्टी २२,५१९ आहे, ९ नोव्हेंबरला २४,१४८, आणि ५ एप्रिल २०२५ ला २२,९०४. तिसरी नोंद दुसरीपेक्षा पाच टक्क्यांनी खाली, आणि ती लिहिताना मलाही गोड लागली नाही. पण ४ जून २०२४ त्या वहीत कुठेच नाही. माझ्यासाठी तो दिवस झालाच नाही.

कुणी हे वाचून सोडून द्यावं

फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांनी, आणि शेअर किंवा युनिट तारण ठेवून कर्ज काढलेल्यांनी. भाव पडला की मार्जिनची मागणी येते, तिथे सहा महिने डोळे मिटून चालत नाही. थेट शेअर घेणाऱ्यांना कंपनीचे तिमाही निकाल वाचावेच लागतात, पण निकाल वाचणं वेगळं आणि भाव बघणं वेगळं. आणि नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी बसा. तेव्हा घरची गरज बदललेली असते, बाजार काहीही करो.

सातपूरचे गृहस्थ यंदा परत आले होते. ॲप आता बायकोच्या फोनमध्ये आहे, त्याचा पिनही त्यांना माहीत नाही. "विचारलं तर काय सांगतात वहिनी?" मी म्हटलं.

"म्हणते, पाडव्याला बघू. आणि भाजी आणायला पाठवते."