एम्फसिस ऑफ मॅटर, अदर मॅटर आणि क्वालिफिकेशन : आर्टिकलशिप करणाऱ्यांसाठी एक अनुभव

ऑडिट रिपोर्टचा मसुदा पहिल्यांदा हाती येतो तेव्हा मताच्या परिच्छेदाखालचे हे तीन प्रकार जवळजवळ सारखेच वाटतात, कारण तिन्ही ठिकाणी ऑडिटर काहीतरी वेगळे सांगतो आहे एवढेच नजरेत भरते. प्रत्यक्षात क्वालिफिकेशनमध्ये मत बदलते आणि उरलेल्या दोहोंत ते तसूभरही बदलत नाही. हा फरक मला नवी मुंबईतल्या एका ऑडिटमध्ये नीट उमगला. गोपनीयतेसाठी त्यातले आकडे आणि काही तपशील बदलून तेच प्रकरण येथे मांडतो आहे.

आमची फर्म ठाण्याची आणि कंपनी रबाळे एमआयडीसीतली, रसायने बनवणारी, खासगी मर्यादित आणि शेअर बाजारात नोंद नसलेली. उलाढाल ७० कोटी, नक्त मालमत्ता ३८ कोटी आणि करपूर्व नफा ५ कोटी रुपये होता. एका मोठ्या ग्राहकाने सदोष मालामुळे नुकसान झाले असे म्हणत ६ कोटींचा दावा लवादापुढे दाखल केला होता. कंपनीने ताळेबंदात त्यासाठी तरतूद केलेली नव्हती. टीप क्रमांक ३१ मध्ये मात्र दाव्याची रक्कम, त्याचे कारण, सुनावणीचा टप्पा आणि तरतूद न करण्यामागचे व्यवस्थापनाचे म्हणणे हे सारे संभाव्य दायित्व म्हणून दिलेले होते.

यातून पुढे काय लिहायचे हे दाव्याच्या रकमेवर ठरत नाही, तर कंपनीने केलेला हिशेब बरोबर आहे की नाही यावर ठरते. लेखामानक २९ प्रमाणे मागे घडलेल्या घटनेतून आज दायित्व उभे असेल, पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तर तरतूद करावीच लागते. म्हणून आम्ही ऑडिटिंग मानक ५०१ नुसार कंपनीच्या बाहेरच्या वकिलांना पत्र पाठवून त्यांचे उत्तर थेट आमच्याकडे मागवले. मालाच्या तपासणीचे दोन परस्परविरोधी अहवाल लवादापुढे आहेत, साक्षी अजून व्हायच्या आहेत आणि निकाल कोणाच्या बाजूने लागेल हे आज सांगता येत नाही, असे त्यांनी कळवले. तपासणीचे दोन्ही अहवाल आम्ही स्वतः वाचले आणि व्यवस्थापनाची भूमिका पुराव्याला धरून आहे याची खात्री करून घेतली.

म्हणजे तरतूद न करणे योग्य होते आणि टीपही पुरेशी होती. तरीही दाव्याची रक्कम वर्षभराच्या नफ्याहून मोठी असल्यामुळे, ही टीप नजरेतून सुटली तर वाचकाला कंपनीची स्थिती कळलीच नाही असे झाले असते. एम्फसिस ऑफ मॅटर आहे तो नेमका अशा वेळेसाठी. मानक ७०६ प्रमाणे, विवरणांत योग्य रीतीने मांडलेली पण वाचकाच्या आकलनासाठी मूलभूत असलेली बाब तेथे दाखवून द्यायची असते. आमचा परिच्छेद तीन वाक्यांचा होता: टीप ३१ कडे लक्ष वेधतो, तीत ६ कोटींच्या दाव्याबाबतची अनिश्चितता नमूद आहे, आणि या बाबीमुळे आमच्या मतात बदल झालेला नाही. टीपेत नसलेला एकही तपशील त्यात घालायचा नसतो. तसा तपशील घालावासा वाटत असेल तर टीपच अपुरी आहे, आणि आधी ती कंपनीकडून पुरी करून घ्यायला हवी. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत तीच बाब की ऑडिट मॅटर ठरली असती, तर तिचे स्थान त्या विभागात असते. एम्फसिस ऑफ मॅटर हा त्याला पर्याय म्हणून वापरता येत नाही.

आता याच प्रकरणात वकिलांचे उत्तर वेगळे आले असते असे धरू. दावा बहुधा हरणार आणि सुमारे अडीच कोटी द्यावे लागतील असे त्यांनी कळवले असते, आणि तरीही कंपनीने तरतूद करायला नकार दिला असता, तर टीप कितीही सविस्तर असली तरी नफा अडीच कोटींनी फुगलेला राहिला असता. चुकीचा आकडा टीपेतल्या खुलाशाने दुरुस्त होत नाही. तेव्हा मानक ७०५ प्रमाणे ‘या बाबीचा परिणाम वगळता’ असे क्वालिफाइड मत द्यावे लागते आणि त्याच्या आधाराच्या परिच्छेदात, करापूर्वी नफा आणि दायित्वे किती रकमेने चुकली आहेत, हे आकड्यासह लिहावे लागते. कंपनीने वकिलांशी पत्रव्यवहारच करू दिला नसता आणि दुसऱ्या मार्गानेही पुरावा मिळाला नसता, तरीही मत बदललेच असते. फक्त तेव्हा शब्द ‘संभाव्य परिणाम वगळता’ असे आले असते.

येथे क्लायंटचा आग्रह कसा येतो हे नवख्यांनी ओळखून असावे. कंपनी कायद्याच्या कलम १३४(३)(फ) प्रमाणे प्रत्येक क्वालिफिकेशनवर संचालक मंडळाला आपल्या अहवालात स्पष्टीकरण द्यावे लागते, शिवाय बँकेचा अधिकारीही पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. त्यामुळे ‘मजकूर तोच ठेवा, फक्त तो एम्फसिसमध्ये घाला’ अशी विनंती होते. आमच्या सरांनी अशा वेळी लावायची एक कसोटी मला दिली आणि मी ती आजही वापरतो. कंपनीने आकडा बदलला, टीप सुधारली किंवा कागद दिले तर आपला परिच्छेद अनावश्यक होईल का, असे स्वतःला विचारायचे. उत्तर ‘हो’ असेल तर ते क्वालिफिकेशन आहे. एम्फसिस ऑफ मॅटरमध्ये कंपनीने करायचे काहीच उरलेले नसते. उरलेली असते ती लवादाच्या निकालासारखी, तिच्या हाताबाहेरची अनिश्चितता. मात्र ती अनिश्चितता कंपनीच्या अस्तित्वावरच येत असेल, तर मानक ५७० प्रमाणे गोइंग कन्सर्नचा स्वतंत्र विभाग लिहायचा असतो, एम्फसिस नव्हे.

अदर मॅटरची जागा या सगळ्याच्या बाहेर आहे, कारण तेथली बाब विवरणांत मांडलेली नसतेच. ती वाचकाला ऑडिट, ऑडिटरची जबाबदारी किंवा अहवाल समजण्यासाठी लागते. या कंपनीचे आमचे ते पहिलेच वर्ष होते. म्हणून मागील वर्षाची विवरणे दुसऱ्या ऑडिटरने तपासली होती, त्यांचे मत बदल नसलेले होते आणि त्यांच्या अहवालाची तारीख अमुक होती, एवढे आम्ही त्या परिच्छेदात लिहिले. पण त्याच्या आडोशाला जाता येत नाही. आरंभीच्या शिलकांचा, विशेषतः मालसाठ्याचा, पुरावा आम्हाला मिळालाच नसता, तर मागचे ऑडिट दुसऱ्यांनी केले हे सांगून सुटका झाली नसती. तो पुन्हा मत बदलण्याचाच प्रश्न झाला असता.

दोन्ही परिच्छेदांचा अपेक्षित मजकूर सही होण्याआधी संचालकांना कळवून त्याची नोंद फाइलमध्ये ठेवावी लागते. पुढच्या वर्षी जुना रिपोर्ट समोर ठेवून काम करताना एम्फसिसचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवला जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून वकिलांचे पत्र नव्याने मागवावे आणि रिपोर्टच्या तारखेपर्यंतच्या घडामोडी विचाराव्यात. मार्चनंतर पण सहीपूर्वी लवादाचा निकाल कंपनीविरुद्ध लागला, तर तो ताळेबंदाच्या तारखेला असलेल्याच दायित्वाचा पुरावा ठरतो. मग त्याच वर्षात तरतूद करून घ्यावी लागते, आणि ती झाली की बहुतेक वेळा त्या परिच्छेदाची गरजच उरत नाही.