रात्री नऊला नेट रांगतं तेव्हा

फोंड्यात आमच्या इमारतीत 36 फ्लॅट. गच्चीवरच्या पेटीत प्रोव्हायडरची एकच लाइन येते आणि तिथल्या स्विचमधून घरोघरी केबल जाते. सकाळी माझा 50 एमबीपीएसचा प्लॅन पुरता मिळायचा, रात्री नऊनंतर जेमतेम 4.

आधी वायफायवरचा संशय फेडला. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सकाळी व रात्री हे चालवलं. वाटेतल्या एकेका राउटरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो, ते यात ओळीओळीने दिसतं:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ, म्हणजे घरचा राउटर, दोन्ही वेळा 1 ms. दुसरीपासून सकाळी 4-5, रात्री थेट शंभरावर, आणि शेवटपर्यंत तसंच. हे 'शेवटपर्यंत' महत्त्वाचं. मधलीच एखादी ओळ फुगलेली असेल तर तो राउटर फक्त उत्तर द्यायला आळस करतोय, बाकी काही नाही.

त्या वेळी घरात दुसरं काही नेट ओढत नसेल, तर याचा अर्थ कोंडी घराबाहेर. अशा वेळी महागडा राउटर किंवा मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट घेऊन सेक्रेटरी भाटकारांबरोबर प्रोव्हायडरच्या माणसाला गाठलं. "इमारतीला एकूण किती दिलंय?" उत्तर आलं, 200. एका एचडी व्हिडिओला साधारण 5 लागतात. घरटी एक टीव्ही धरला तरी 180 झाले, बाकी सगळ्याला उरले 20. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज गेला, लाइन 500 ची झाली.

तोवर मी फोनचे बॅकअप पहाटेवर ढकलले आणि टीव्ही 480p वर ठेवला. मुलगी कुरकुरली, पण चित्र अडकायचं थांबलं. व्हिडिओ कॉल मात्र मोबाइल डेटावरच करावे लागले.