एकच मॉडेल, ०.९४ आणि ०.६८: मॅक्रो, मायक्रो व वेटेड सरासरीत या चुका टाळा

द्राक्षाच्या पानांचे फोटो पाहून पान निरोगी आहे, त्यावर भुरी आहे की केवडा, हे ओळखणारे एक मॉडेल आहे असे समजू. उदाहरणापुरती चाचणीसाठी १००० पाने घेतली असून निकाल असा आहे. ओळीत खरा वर्ग, तर स्तंभात मॉडेलचे उत्तर.

| | निरोगी | भुरी | केवडा | एकूण |
|---|---|---|---|---|
| निरोगी | ८८० | १५ | ५ | ९०० |
| भुरी | २० | ५६ | ४ | ८० |
| केवडा | १० | ४ | ६ | २० |

वर्गनिहाय एफ-वन अनुक्रमे ०.९७२, ०.७२३ आणि ०.३४३ येतो. या तिन्हींची साधी सरासरी म्हणजे मॅक्रो: ०.६७९. वर्गातील पानांच्या संख्येनुसार वजन दिले की वेटेड: ०.९४०. वर्ग बाजूला ठेवून सगळी बरोबर-चूक उत्तरे एकत्र मोजली की मायक्रो: ०.९४२. अहवालात नुसते ‘एफ-वन ०.९४’ लिहिले, तर केवड्याच्या २० पैकी १४ पानांवर मॉडेल चुकले आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

पहिली चूक अहवालांत वारंवार दिसते: अ‍ॅक्युरसी ०.९४२ आणि मायक्रो एफ-वनही ०.९४२, म्हणजे दोन स्वतंत्र मापांनी एकमेकांना दुजोरा दिला, असा निष्कर्ष. प्रत्येक पानाला एकच उत्तर असते आणि सगळे वर्ग मोजणीत धरलेले असतात, तेव्हा एका वर्गाचा चुकीचा होकार हा दुसऱ्या वर्गाचा चुकीचा नकारच असतो. त्यामुळे मायक्रो प्रिसिजन, रिकॉल, एफ-वन आणि अ‍ॅक्युरसी हे चारही आकडे सारखेच येतात. वेटेड रिकॉलही तोच येतो, कारण वजन देताना वर्गाची संख्या वर-खाली कटते. म्हणूनच scikit-learn च्या `classification_report` मध्ये सर्व वर्ग घेतले की `micro avg` ऐवजी `accuracy` ही ओळ दिसते.

दुसरी चूक वर्गांचा समतोल नसताना वेटेड सरासरीवर विसंबण्याची. ‘वजन दिले’ या शब्दांमुळे लहान वर्गाला न्याय मिळाल्यासारखे वाटते. घडते नेमके उलट, कारण वजन मोठ्या वर्गाला मिळते. मॉडेलने केवड्याची बरोबर ओळखलेली सहा पानेही निरोगी ठरवली, म्हणजे तो रोग ओळखणे पूर्णपणे सोडून दिले, तरी वेटेड एफ-वन ०.९४० वरून फक्त ०.९३० वर येतो, तर मॅक्रो ०.६७९ वरून ०.५६४ वर घसरतो. माझ्या मते वेटेड एफ-वन एकटा छापूच नये.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि मॅक्रो वापरणारेही तीत सापडतात. मॅक्रोवर वर्गांच्या आकाराचा परिणाम होत नाही, असे गृहीत धरले जाते. हेच मॉडेल, प्रत्येक वर्गातील चुकांचे प्रमाण तेच ठेवून, प्रत्येकी ३६० पानांच्या संचावर चालवले तर अ‍ॅक्युरसी ०.९४२ वरून ०.६५९ होते. मॅक्रो रिकॉल दोन्हीकडे ०.६५९ राहतो, कारण रिकॉल फक्त आपल्याच ओळीवर अवलंबून असतो. मॅक्रो एफ-वन मात्र ०.६३० होतो. प्रिसिजन स्तंभावरून मोजले जाते आणि स्तंभात इतर वर्गांची पाने मिसळतात: केवड्याचे प्रिसिजन ०.४० वरून ०.८४ वर चढते, तर निरोगीचे ०.९७ वरून ०.५७ वर उतरते. मॉडेलमध्ये काहीही बदललेले नाही, बदलले आहे ते पानांचे प्रमाण. म्हणून वेगवेगळ्या संचांवरील मॅक्रो एफ-वनची तुलना करण्याआधी दोन्हीकडील `support` चा स्तंभ पाहावा आणि मॉडेल खरोखर वापरायचे आहे त्या बागेत रोगाचे प्रमाण साधारण किती असते, हेही विचारावे.

मॅक्रोची आणखी एक मर्यादा आहे. केवड्याची पाने फक्त २० असल्याने एका पानाचे उत्तर बदलले की त्या वर्गाचा रिकॉल ५ टक्के अंकांनी आणि मॅक्रो रिकॉल सुमारे १.७ अंकांनी हलतो. तेवढ्या फरकावरून एक मॉडेल दुसऱ्यापेक्षा सरस ठरवणे धाडसाचे आहे.

आकडा अनाकलनीय वाटला की आधी सरासरी बाजूला ठेवून वर्गनिहाय आकडे पाहावेत:

```python
f1_score(y_true, y_pred, average=None,
         labels=[0, 1, 2], zero_division=0)
```

येथे `labels` स्पष्ट देणे महत्त्वाचे आहे. एखाद्या तुकडीत केवड्याचे एकही पान नसेल आणि मॉडेलनेही ते उत्तर दिले नसेल, तर `labels` न देता केलेल्या मोजणीत तो वर्ग गळतो आणि मॅक्रो तीनऐवजी दोनच वर्गांचा निघतो. उलट, `labels` दिल्यावर त्याच तुकडीत केवड्याला शून्य मिळते आणि सरासरी विनाकारण खाली येते. अशा वेळी तुकड्यांच्या गुणांची सरासरी काढण्याऐवजी सर्व तुकड्यांची उत्तरे एकत्र करून मॅक्रो एकदाच मोजावा.