उणे दोन आलं कुठून?

मे महिन्यातली नागपूरची दुपार, कूलरची घरघर, आणि भाची वही घेऊन समोर. "मामा, रीत बरोबर आहे, तरी उत्तरावर फुली मारली."

गणित होतं log₂x + log₂(x − 6) = 4. तिनं बेरजेचा गुणाकार केला: x(x − 6) = 16, म्हणजे x² − 6x − 16 = 0. उत्तरं 8 आणि −2. मी झटकन म्हटलं, ऋण आहे ना, टाकून दे. कारण मात्र मी चुकीचं दिलं होतं.

मग मूळ समीकरणात −2 ठेवून पाहिलं. log₂(−2) आणि log₂(−8), दोन्हींना वास्तव किंमतच नाही. पण −2 आणि −8 चा गुणाकार +16! गुणताना ऋण चिन्हं पुसली गेली, म्हणून एकत्र केलेल्या समीकरणात −2 शिरलं. मुळात x > 6 हवं. 8 टिकतं: 3 + 1 = 4.

"आणि प्रश्नच log₂(x² − 6x) = 4 असता तर?" पोरगी हुशार आहे. तिथे −2 चालतं, कारण लॉगच्या आत 16 येतात. आता ती सोडवण्याआधीच प्रत्येक लॉगच्या आतली राशी शून्याहून मोठी, असं समासात लिहून ठेवते.