कळमन्यातले कॅरेट आणि रात्रीचं कव्हर लेटर

रविवारची रात्र, साडेदहा वाजलेले. सोमवारी सकाळी 10 पर्यंत अर्ज मेल करायचा होता. बुटीबोरीच्या एका गोदामात डिस्पॅच को-ऑर्डिनेटरची जागा होती. कव्हर लेटर तयार होतं, कारण तेच लेटर मी याआधी अकरा ठिकाणी पाठवलं होतं. फक्त कंपनीचं नाव बदलायचं. ते बदलताना दिसलं की दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलंय. म्हणजे मागचा अर्ज त्या चुकीसकट गेला होता.

मग पूर्ण लेटर नीट वाचलं. मी मेहनती आहे, टीममध्ये काम करू शकते, शिकण्याची आवड आहे. आमच्या बीकॉमच्या वर्गातल्या कोणीही खाली सही केली असती तरी चाललं असतं.

जाहिरात पुन्हा उघडली. एक्सेल, ट्रान्सपोर्टरशी समन्वय वगैरे नेहमीचंच होतं. पण स्टॉकचा मेळ बसवण्याबद्दल दोन वेगळ्या ओळी होत्या. एवढ्याशा जाहिरातीत तीच गोष्ट दोनदा, म्हणजे त्यांचं दुखणं तिथे होतं. मी वहीचं पान मधोमध दुमडलं, डावीकडे त्यांच्या अटी लिहिल्या आणि उजवीकडे मी केलेलं काम. स्टॉकसमोरची जागा रिकामीच राहिली. माझा अनुभव काय, तर नागपूरच्या कळमना मार्केटात एका अडत्याकडे चौदा महिने हिशोब लिहिला. त्याला मी स्वतःच अनुभव म्हणत नव्हते. बायोडेटात त्याची एक ओळ होती, तीही सगळ्यात खाली.

आई पाणी प्यायला उठली. "काहून जागून राहिली व अजून?"

म्हटलं, स्टॉकचा मेळ म्हणून काय लिहू, मी कुठे गोदामात होते?

"मंग ते कॅरेट कोण मोजत होतं? रोज घरी येऊन त्याचंच रडगाणं तं होतं तुझं."

खरंच होतं. संत्र्याचे रिकामे प्लास्टिकचे कॅरेट व्यापारी घेऊन जायचे आणि सगळे परत यायचे नाहीत. कोणाकडे किती, हे फक्त दिवाणजींच्या डोक्यात असायचं. मी एक रजिस्टर सुरू केलं, त्यात तारीख, नाव, गेले, आले आणि नेणाऱ्याची सही. दर शनिवारी बाकी काढून फोन करायचे. पुढे तेच एक्सेलमध्ये घेतलं.

मग आकडे शोधायला जुनी फाइल काढली. नोव्हेंबरात, म्हणजे रजिस्टरच्या आधी, 46 कॅरेट परत आले नव्हते. जानेवारीत फक्त 3. मी खुशीत लिहून टाकलं की तूट नव्वद टक्क्यांहून जास्त कमी केली. पण लगेच खटकलं. जानेवारीत आंबिया बहार ओसरलेला, मृग बहार अजून यायचा. माल कमी म्हणून कॅरेटच कमी बाहेर गेले होते. गोदामातल्या माणसाने हे दोन मिनिटांत पकडलं असतं. म्हणून फेब्रुवारी घेतला, मृग बहाराचा भर. नोव्हेंबरात साधारण 1,900 पैकी 46 अडकले होते, फेब्रुवारीत 1,700 पैकी 11. हा आकडा कमी चमकदार आहे, पण कोणी खोदून विचारलं तर टिकणारा आहे.

लेटर इंग्रजीत होतं, त्याचा मधला भाग मराठीत असा: "आपल्या जाहिरातीत स्टॉकचा मेळ बसवण्यावर भर आहे. कळमन्यात संत्र्याच्या अडतीवर मी परत न येणाऱ्या कॅरेटची नोंद सुरू केली. आधी 1,900 पैकी 46 अडकायचे, नंतर 1,700 पैकी 11. मी सॅप सॉफ्टवेअरवर काम केलेलं नाही; ही नोंद एक्सेलमध्ये ठेवत होते."

सॅपचं वाक्य तीनदा काढलं, तीनदा घातलं. जाहिरातीत सॅप येत असल्यास प्राधान्य असं होतं, आवश्यक असं नव्हतं. आवश्यक असतं तर लेटर कितीही चांगलं असून उपयोग नव्हता, हेही खरंच. शेवटी ते ठेवलं, पण एकाच वाक्यात, माफी न मागता.

मेहनती, होतकरू, सगळं उडवलं. दीड पानाचं लेटर पाऊण पानावर आलं. मेलच्या विषयात पदाचं नाव आणि माझं नाव टाकलं, पीडीएफलाही माझंच नाव दिलं (आधी ती फाइल "फायनल नवीन 2" होती), आणि कंपनीचं नाव तीन ठिकाणी मोठ्याने वाचून तपासलं. एक वीसला पाठवलं.

नऊ दिवसांनी बोलावणं आलं. समोरच्या मॅनेजरांनी डिग्रीबद्दल काही विचारलं नाही. लेटरवर पेनाने एक गोल केला होता, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे 11 कॅरेट गेले कुठे?"

सात काटोलच्या एका व्यापाऱ्याकडे राहिले होते, चार फुटले होते. फुटक्यांसाठी रजिस्टरात रकाना नव्हता, तो मी मार्चमध्ये वाढवला, हेही सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडेही नाही," आणि पुढचा अर्धा तास आम्ही फुटक्या मालाच्या नोंदीवरच बोलत होतो.