रिसर्च पेपरचं टायटल आणि कीवर्ड कसे ठरवायचे

टायटल सगळ्यात शेवटी ठरवा. काम चालू असताना फाईलला जे कामचलाऊ नाव दिलेलं असतं तेच बरेच जण तसंच सबमिट करतात, आणि त्या नावात आपण काय करायचं ठरवलं होतं ते असतं, प्रत्यक्षात काय केलं ते नसतं.

एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. समजा नर्सिंगच्या २४० विद्यार्थ्यांकडून एकदाच फॉर्म भरून घेतला, झोपायच्या आधी स्मार्टफोन किती वेळ वापरता ते विचारलं, आणि झोप PSQI नावाच्या प्रश्नावलीने मोजली. फाईलचं नाव आहे: "मोबाईलच्या वापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम: एक सखोल अभ्यास".

१. आधी चार उत्तरं लिहा. अभ्यास कोणावर, कशाबद्दल, मोजलं काय आणि पद्धत कुठली. इथे उत्तरं अशी: नर्सिंगचे विद्यार्थी, झोपण्याआधीचा स्मार्टफोन वापर, झोपेची गुणवत्ता, क्रॉस-सेक्शनल म्हणजे एकदाच माहिती घेतलेलं सर्वेक्षण. टायटलचा माल एवढाच.

२. आता जुन्या नावातला एकेक शब्द या उत्तरांशी ताडून बघा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. "परिणाम" हा शब्द इथे चालत नाही, कारण माहिती एकदाच घेतलीय, आधी काय झालं ते आपल्याला माहीतच नाही. मोबाईलमुळे झोप बिघडली असेल, किंवा झोप येत नाही म्हणून माणूस मोबाईल घेऊन पडला असेल, दोन्ही शक्य आहे, म्हणून "संबंध" म्हणायचं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते आणि एका गटाला झोपण्याआधी फोन बंद ठेवायला लावला असता तर "परिणाम" म्हणता आलं असतं. "झोप" पण सैल शब्द आहे, कारण PSQI मध्ये माणूस गेल्या महिन्यातल्या झोपेबद्दल स्वतःच सांगतो, कुठलं मशीन लावलेलं नसतं, तेव्हा "झोपेची गुणवत्ता" बरोबर. आणि नुसतं "विद्यार्थी" लिहिलं की वाचणारा शाळेतली मुलंही धरणार, नर्सिंगवाल्यांना तर रात्रपाळीही असते, त्यांची झोप वेगळीच.

३. मग काटछाट. "एक सखोल अभ्यास" उडवा, उथळ अभ्यास केला असं कोण लिहितं? "च्या संदर्भात", "विषयी काही निरीक्षणं" हेही जाऊ द्या. पद्धतीचं नाव मात्र फालतू समजून काढू नका. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली रँडमाइज्ड ट्रायल असेल तर CONSORT आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असेल तर PRISMA या नियमावल्या ते टायटलमध्येच मागतात. नवं टायटल असं होतं: "नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये झोपण्याआधीचा स्मार्टफोन वापर आणि झोपेची गुणवत्ता यांचा संबंध: क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षण". PSQI टायटलमध्ये नको, माहीत नसलेला माणूस तिथेच अडेल.

४. सर्च करून बघा. पेपर इंग्रजीत जाणार असेल तर तुमच्या टायटलमधले मुख्य शब्द पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साईटवर असे टाका:

```
smartphone[ti] AND "sleep quality"[ti] AND nursing[ti]
```

`[ti]` म्हणजे फक्त टायटलमध्ये शोध. आलेले पेपर तुमच्या पेपरचे सख्खे शेजारी वाटले तर शब्द बरोबर निवडलेत. भलतेच आले, म्हणजे समजा झोप सुधारणाऱ्या ॲपवरचे, तर तुमचे शब्द दुसऱ्याच विषयाचे लोक वापरतायत. काहीच आलं नाही तर विषय नवा आहे म्हणून लगेच खूश होऊ नका, एकेक शब्द काढून परत बघा, बहुतेक वेळा एखादा शब्द फक्त आपणच वापरत असतो.

५. कीवर्ड. टायटलमधलेच शब्द परत लिहून जागा वाया घालवू नका. पबमेडमध्ये `[tiab]` लावून शोधलं की टायटल, अबस्ट्रॅक्ट आणि लेखकाने दिलेले कीवर्ड एकत्रच तपासले जातात, तेव्हा कीवर्डमध्ये तेच शब्द घातले तर तिथे नवीन काही मिळत नाही. तिथे लोक वापरतात ते दुसरे शब्द द्या. इथे `mobile phone`, `screen time`, `bedtime` आणि PSQI चं पूर्ण नाव `Pittsburgh Sleep Quality Index` चालतील. MeSH ही पबमेडची ठरलेली शब्दयादी पण बघा, त्यात नर्सिंगचे विद्यार्थी `Students, Nursing` असे सापडतात.

मोह होतो तो `insomnia` घालायचा, कारण तो शब्द लोक खूप शोधतात. घालू नका. PSQI चा स्कोर ५ च्या वर गेला तर झोप चांगली नाही एवढंच कळतं, निद्रानाशाचं निदान होत नाही, आणि त्या शब्दावरून आलेला वाचक अबस्ट्रॅक्ट वाचून परत जाणार.

जर्नलने कीवर्डची मर्यादा दिलेली असते, ती आधी बघून घ्या. जागा कमी पडली तर `bedtime` पहिला काढा, तो अबस्ट्रॅक्टमध्ये सहज बसतो.