या चुका टाळा: ‘एक कविता लिहून द्या, कशावरही चालते’ असं कोणी म्हटलं तर

आपल्याकडे चार ओळी लिहिणारा माणूस गावात असला की त्याच्याकडे मागणी येतेच. कोणाला निरोप समारंभासाठी पाहिजे, कोणाला तेरवीच्या पत्रिकेसाठी. अशा मागणीत अर्धं काम झालेलं असतं, कारण प्रसंग ठरलेला असतो. अवघड मागणी वेगळीच: ‘एक कविता लिहून द्या.’ कशावर? ‘कशावरही चालते.’ आनंदाची की दुःखाची? ‘तुम्हाले जशी जमते तशी.’ विषय नाही, भाव नाही, रूप नाही, निमित्त नाही. अशा मागणीवर लिहिलेल्या कविता बहुतेक वेळा एकसारख्या निघतात, आणि त्या बिघडतात त्याही एकाच जागी. चारपैकी काय आधी ठरवायचं, याचा विचार न करता जे आधी सुचलं तेच ठरलं असं आपण धरतो. माझं मत स्पष्ट आहे: या चारांपैकी काहीच आधी ठरवू नये. आधी ठरवावं ते हे की कवितेत कोण बोलतंय आणि कोणाशी. बाकीचं त्यातून येतं.

प्रश्नांची सरबत्ती

पहिली चूक कागदाला पेन लागण्याआधीच होते. मागणाऱ्याला आपण विचारत सुटतो: विषय कोणता, किती कडव्यांची, यमक हवं का, कोणत्या कार्यक्रमासाठी? त्याला हे माहीत असतं तर त्याने सांगितलंच असतं. दोन-तीन प्रश्नांनंतर तो ‘राहू द्या मग’ म्हणतो, किंवा सुटका म्हणून ‘आईवर लिहा’ म्हणतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण आता त्याला नको असलेल्या विषयावर लिहायची जबाबदारी आपल्यावर येते.

विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारावा: ‘ऐकणार कोण?’ याचं उत्तर माणसाला देता येतं. ‘पोरगी शाळेत 26 जानेवारीले म्हणन’ असं उत्तर आलं की बोलणारी ठरली, ऐकणारी पटांगणातली गर्दी ठरली, ओळी छोट्या आणि एका दमात म्हणता येतील अशा हव्यात हेही ठरलं. ‘कोणी नाही, मलेच वाचाची हाये’ असं उत्तर आलं तरी ते उपयोगाचं आहे, कारण मग मोठ्याने म्हणायची, टाळ्या घ्यायची कविता आपण बाजूला ठेवू शकतो. पुढे काही विचारू नये. उरलेलं काम आपलं.

मोठं नाव धरून बसणं

आई, पाऊस, शेतकरी, माती, गाव. रिकाम्या मागणीवर हात आधी याच शब्दांकडे जातो. हे विषय वाईट आहेत असं नाही. ते फार रुंद आहेत. ‘पाऊस’ असं ठरवून बसलेल्या माणसाने प्रत्यक्षात काहीच ठरवलेलं नसतं. जूनच्या शेवटी दडी मारलेला पाऊस वेगळा, वेचणीला आलेल्या कापसावर पडलेला वेगळा, आणि एस.टी.ची वाट पाहणाऱ्या पोरीची वह्या-पुस्तकं भिजवणारा वेगळा. शीर्षक झाकून कविता वाचावी. ती कोणत्याही तालुक्यातल्या कोणत्याही पावसाला लागू पडत असेल, तर विषय मोठा घेतला आणि जागा घेतलीच नाही, असं समजावं.

भाव आधी ठरवला तरी हेच होतं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ‘दुःखाची कविता’ असं ठरलं की डोळे, आसवं आणि अंधार आपोआप गोळा होतात.

रूप आधी, मग बोलणं

ही चूक चांगलं लिहिणाऱ्यांकडूनही होते, म्हणून इथे थोडं थांबतो. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा. आमच्या भागातल्या पोरांचा ओढा त्यामुळे गझलेकडे असतो आणि त्यात गैर काही नाही. पण गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहावा लागतो. दोन माणसांचं सलग बोलणं सांगायचं असेल तर गझल ते दर दोन ओळींनी तोडत जाते. रूप आधी ठरवलं असेल तर हे सहाव्या ओळीला लक्षात येतं, आणि तोवर काफिया, म्हणजे गझलेतलं यमक, आपल्याला ‘माती, नाती, जाती, राती’ असा ओढत नेत असतो.

आपल्याकडची जुनी रूपं पाहिली तर प्रत्येकात बोलणारा आणि ऐकणारा आधीच बसलेला दिसतो. झडत्या म्हणजे पोळ्याला म्हणायच्या ओळी; त्या तोरणाखाली उभ्या गर्दीसमोर ओरडून म्हणायच्या, शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणायचं. तिथे बारीक आवाजातलं दुःख टिकत नाही. भुलाबाईची गाणी पोरी-पोरींच्या सवाल-जबाबाची. जात्यावरच्या ओवीत बाई भावाशी, मायशी किंवा विठ्ठलाशी बोलते. मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, आणि शेवटी म्हणणाऱ्याचं नाव. म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे कळलं की रूप निवडणं सोपं जातं. उलट दिशेने गेलं की रूप आपल्याकडून भलत्याच माणसाचं बोलणं वदवून घेतं.

एक मागणी, शेवटपर्यंत

चुलतभावाचा फोन आला, मागणी वर लिहिली तशीच, आणि ऐकणार कोण याचं उत्तर ‘मीच’. दिवस जूनच्या शेवटचे, गावात सगळीकडे एकच विषय: सरकी टोबली, म्हणजे कापसाचं बी हाताने मातीत लावलं, पण सगळं निघालं नाही. तेव्हा जागा हीच धरली. बोलणारा कोण? पहिला सुचतो तो आभाळाकडे पाहणारा शेतकरी. तो मी सोडला. त्याचं आभाळाशी बोलणं इतक्यांदा लिहून झालं आहे की त्याच्या तोंडी नवा शब्द येत नाही, आणि आभाळ उत्तरही देत नाही. दुसरा सुचला तो कृषी केंद्रातला मालक; त्याच्याशी बोलणं भांडणाचं होईल, ते लेखात चांगलं. मग आठवल्या नांग्या भरणाऱ्या बाया. टोबल्यावर आठ-दहा दिवसांत जिथे कोंब दिसत नाही तिथे पुन्हा दाणे टाकायचे. ओटीत सरकी घेऊन बाया ओळीने चालतात. शेजारच्या दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या दोन ओळींत, दोघी जावा. घरं वेगळी झालेली, बियाण्याची बॅग मात्र दोघींत एकच घेतलेली. मोठी जाऊ धाकटीशी बोलते.

इथवर एकही ओळ लिहिलेली नव्हती, पण बरंच ठरून गेलं होतं. भाव ठरला: मागायचं आहे, रडायचं नाही. भाषा ठरली: धाकटीला ‘तू’ आणि ‘वं’. रूपही ठरलं: चालता चालता बोलायचं म्हणून छोटी अष्टाक्षरी, चरणाला आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाला यमक. कविता अशी झाली:

तुझ्या तासात निघालं,
माझ्या तासात मोकळं;
एकाच बॅगेतलं बी,
कसं झालं वं वेगळं?

मागायला लाज नाही,
तुझ्या घरी पुरले का?
सांग, तुझ्या ओटीतले
चार दाणे उरले का?

तिसरा चरण आधी ‘एका पिशवीचं बीज’ असा होता. अक्षरं आठ भरतात, कानालाही बरं लागतं. पण नांग्या भरताना एक जाऊ दुसरीला ‘बीज’ म्हणणार नाही. ती ‘बॅगेतलं बी’च म्हणेल. बोलणारी ठरली होती म्हणूनच ही चूक सापडली. कवीच्या तोंडी ‘बीज’ खपून गेलं असतं.

आता तीच कविता उलटी करून पाहा: धाकटी मोठीशी बोलते. ‘तुझ्या’चं ‘तुमच्या’ होतं, पहिला चरण ‘तुमच्या तासात निघालं’ असा नऊ अक्षरांचा होतो आणि अष्टाक्षरी तिथेच मोडते. ‘तुमच्या तासी निघालं’ करून अक्षरं सांभाळता येतील. पण ‘मागायला लाज नाही’ हे धाकटी तोंडावर म्हणणार नाही. ती आडून बोलेल, पोराला पाठवेल, किंवा मागणारच नाही. ती दुसरी कविता आहे, कदाचित जास्त चांगली. पण तिच्यासाठी शब्द बदलून भागत नाही, सगळं पुन्हा मांडावं लागतं. म्हणूनच हा निर्णय पहिला.

एकाचं निघालं आणि दुसऱ्याचं नाही, याची खरी कारणं शेतात असतात: बी खोल पडलं, ओल वर राहिली नाही, जोराच्या सरीने माती बसली आणि वर खपली धरली. ती मी कवितेत घातली नाहीत. मोठ्या जावेला ती माहीत आहेत, धाकटीलाही माहीत आहेत. माहीत असलेलं त्या एकमेकींना समजावून सांगणार नाहीत. कवितेत एखादी ओळ केवळ वाचकाला माहिती द्यायला आली आहे असं वाटलं, तर बोलणारा मागे पडून लेखक पुढे आला असं समजावं.

बिघाड ओळखायचा कसा

कविता दुसऱ्याला वाचायला द्यावी आणि विचारावं: ‘हे कोण बोलून राहिलं?’ उत्तर ‘तुम्हीच ना’ असं आलं, आणि आपण ती स्वतःबद्दल लिहिलेली नसेल, तर पहिला निर्णय झालेलाच नाही. अशा वेळी विशेषणं बदलून किंवा यमक घासून उपयोग होत नाही. दुसरी खूण क्रियापदांत दिसते. एका कडव्यात ‘तू’, पुढच्यात ‘तुम्ही’, शेवटी ‘आपण सारे’ असं झालं असेल, तर ऐकणारा वाटेत बदलला आहे. तो जिथे बदलला त्या ओळीपर्यंतचं ठेवावं, पुढचं काढून टाकावं आणि तिथून पुन्हा लिहावं.

या पद्धतीला मर्यादा आहे. काही कवितांत कोणी कोणाशी बोलतच नाही; नुसतं पाहणं असतं. पऱ्हाटीचा रचलेला ढीग, त्यावर बसलेला पक्षी, एवढंच. तिथे ‘कोण बोलतंय’ऐवजी ‘कोण पाहतंय आणि कुठून’ असं विचारावं. बंडीवर बसून दिसणारा ढीग वेगळा आणि तो डोक्यावरून वाहून आणणारीला दिसणारा वेगळा.

आणि मागणाऱ्याने कविता वाचून ‘अशी नाही पाहिजे’ म्हटलं तर? मघाशी काही न सांगणारा माणूस आता नेमकं सांगू शकतो, कारण त्याच्यासमोर नाकारायला काहीतरी आहे. त्याला कडवी किती, यमक कसं हे विचारू नये. ‘हे बोलणं कोणाच्या तोंडी पाहिजे होतं?’ असं विचारावं. चुलतभाऊ वाचून म्हणाला, ‘धाकटीनं काय म्हटलं थे नाही लिहिलं तुमी.’ दुसरी कविता त्या उत्तराची लिहिली. तिचा पहिला चरण ‘नको मोजू दाणे, बाई’ असा सुचला होता. तो बदलावा लागला, कारण धाकटी मोठीला ‘नको मोजू’ म्हणत नाही, ‘नका मोजू’ म्हणते. अक्षरं दोन्हींत आठच भरतात.